फ्लॅश सेलच्या कॅप्शनमध्ये 'शेवटची १० पाकिटं' न लिहिता काय लिहावं?

प्रश्न: "मी फैजपूरजवळ घरीच केळीचे वेफर्स बनवते आणि इन्स्टाग्राम, व्हॉट्सअॅपवर विकते. येत्या शुक्रवारी-शनिवारी फ्लॅश सेल ठेवायचाय. २५० ग्रॅमचं पाकीट एरवी १२० रुपयांना जातं, सेलमध्ये ९५ ला देईन. बुधवारच्या घाण्याची १२० पाकिटं तयार आहेत, संपली तर परत तळता येतात. बाकी सगळे 'फक्त शेवटची १० पाकिटं', 'आज रात्रीपर्यंतच' असं लिहितात. मला खोटं लिहायचं नाही, पण मग लोक लगेच घेतील का? कॅप्शन कसं लिहू?"

उत्तर:

ताई, तुमच्या प्रश्नातला कळीचा भाग 'संपली तर परत तळता येतात' हा आहे. म्हणजे तुमच्याकडे वेफर्सचा तुटवडा नाही. मर्यादा आहे ती ९५ रुपये या भावाला. कॅप्शन लिहिताना बहुतेकांचा गोंधळ इथेच होतो. मर्यादा भावाला असते आणि लिहिताना ती मालावर ढकलली जाते. मग 'शेवटची पाकिटं', 'स्टॉक संपत आला' असे शब्द येतात आणि ते खोटे पडतात, कारण माल संपत आलेला नसतोच.

मी जळगावात घरगुती उद्योग आणि छोट्या दुकानांची ऑनलाइन विक्री सांभाळतो. पापड, मसाले, वेफर्स, साड्या अशा मालाच्या जाहिराती लिहिणं आणि त्यावर आलेल्या ऑर्डरी निस्तरणं ही दोन्ही कामं माझ्याकडे असतात. म्हणून कॅप्शन वाचायला कसं वाटतं याच्या आधी मी एक गोष्ट पाहतो: शनिवारी रात्री नऊ वाजून दहा मिनिटांनी मेसेज आला, तर या कॅप्शनप्रमाणे त्याला काय उत्तर द्यायचं? ते उत्तर कॅप्शनमध्येच असलं पाहिजे.

'फक्त शेवटची १० पाकिटं' हे वाक्य आपल्या भागात तर फारच लवकर उघडं पडतं. रावेर-यावल पट्ट्यात वर्षभर केळी निघते. इथल्या माणसाला केळीचे वेफर्स 'संपले' हे पटतच नाही. तुमचं गिऱ्हाईक पुण्या-मुंबईत असलं तरी त्यातले बरेच जण इथून गेलेले असतात आणि त्यांचे नातेवाईक तुमच्या शेजारच्या गावात राहतात. शुक्रवारी 'शेवटची १० पाकिटं' वाचून ज्याने घाईने पैसे भरले, त्याला रविवारी मावशीकडून कळतं की फैजपूरच्या दुकानात तुमची पाकिटं रांगेने लावलेली आहेत. तो भांडायला येत नाही, पण तुमच्या पुढच्या सेलवर त्याचा विश्वास बसत नाही. हे विक्रीच्या आकड्यात दिसायला वेळ लागतो. लवकर दिसणारी खूण वेगळीच असते. लोक 'खरंच संपली का?', 'पुढच्या आठवड्यात परत येईल ना?' असं विचारायला लागले की समजायचं, घाईच्या शब्दांवरचा विश्वास उडाला आहे.

कायद्याचाही भाग आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला 'डार्क पॅटर्न' रोखण्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात गिऱ्हाइकाला फसवण्याचे १३ प्रकार दिले आहेत आणि यादीत पहिलाच आहे खोटी घाई. माल प्रत्यक्षात आहे त्यापेक्षा कमी असल्याचं सांगणं त्यात स्पष्ट शब्दांत येतं. नसलेली गर्दी किंवा मागणी दाखवणंही येतं. या सूचना मोठ्या वेबसाइटींपुरत्या नाहीत, विक्रेते आणि जाहिरातदारही त्यात धरले आहेत. त्याआधीच्या, ९ जून २०२२ च्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयीच्या सूचना उलट बाजूने बोलतात: जाहिरातीमुळे जेवढी मागणी येईल असा अंदाज आहे तेवढा माल हवा, आणि माल कमी पडेल असं दिसत असेल तर तो मर्यादित आहे हे जाहिरातीत लिहायला हवं. म्हणजे आकडा खोटा लिहू नका, पण खरी मर्यादा असेल तर ती लपवूही नका. तुमच्या बाबतीत दुसरा भाग जास्त उपयोगाचा आहे.

आता तुमचा सेल घेऊन बसू.

आधी मोजणी. तयार पाकिटं १२०. ही सगळी सेलची नाहीत. तुम्ही प्रश्नात लिहिलं नाही, पण गावातल्या एक-दोन किराणा दुकानांना तुम्ही माल देत असाल असं धरतो. त्यांची २० बाजूला काढा. कुरिअरमध्ये पाकीट फुटतं, पत्ता चुकून माल परत येतो, त्यासाठी ६ ठेवा. उरली ९४. मी ९० लिहीन. चार पाकिटं हातची राहिली की दोन ऑर्डरी एकाच मिनिटाला आल्या तरी कोणाला नाही म्हणावं लागत नाही.

इथे शब्द जपून वापरायचे. 'फक्त ९० पाकिटं शिल्लक' लिहिलं तर ते खोटं आहे, कारण शिल्लक १२० आहेत. 'या भावात ९० पाकिटं' लिहिलं तर ते खरं आहे, कारण ९५ रुपयांत ९० च द्यायची हे तुम्ही ठरवलं आहे आणि ती संपली की तुम्ही सेल बंद करणार आहात. पहिलं वाक्य मालाविषयी दावा करतं, दुसरं तुमचा निर्णय सांगतं. दुसऱ्या वाक्याचा खरेपणा पूर्ण तुमच्या हातात आहे, फक्त तो पाळावा लागतो.

मग पुढचा घाणा. 'परत तळता येतात' हे खरं, पण कधी? समजा कच्ची केळी सोमवारी येणार आणि त्याच दिवशी तळणार. मग शुक्रवार ते सोमवार या काळात तुमच्याकडे खरोखरच मर्यादित माल आहे आणि हे सरळ लिहिता येतं: 'पुढचा घाणा सोमवारी'. हे लिहायला बरेच जण घाबरतात. त्यांना वाटतं, सोमवारी मिळणार हे कळलं तर आज कोण घेईल? पण सोमवारी मिळणार ते १२० रुपयांना. ज्याला २५ रुपये वाचवायचे आहेत त्याच्यासाठी शनिवारची मुदत खरी आहे. ज्याला २५ रुपयांचं काही वाटत नाही, तो सोमवारी १२० ला घेईल आणि त्यात तुमचा फायदाच आहे. त्या माणसाला घाबरवून ९५ ला माल विकण्यात काय मिळवलं? भाव परत वाढणार हे स्पष्ट सांगणं हेच तुमच्या सेलमधलं लगेच घेण्याचं कारण आहे. त्याला आणखी कशाची जोड लागत नाही.

आता मुदत. 'आज रात्रीपर्यंतच' या शब्दांत दोन अडचणी आहेत. पहिली 'आज'ची. इन्स्टाग्राम पोस्ट वेळेच्या क्रमाने दाखवत नाही, शुक्रवारी टाकलेली पोस्ट कोणाला रविवारी दिसते. व्हॉट्सअॅपचा मेसेज एका ग्रुपमधून दुसऱ्यात जातो आणि पुण्यातल्या एखाद्या खान्देशी मंडळाच्या ग्रुपवर तो मंगळवारी पोचतो. तिथे 'आज' म्हणजे मंगळवार. मग लोक पैसे पाठवून मोकळे होतात आणि परत करत बसायचं काम तुम्हाला लागतं. म्हणून कॅप्शनमध्ये 'आज', 'उद्या', 'या वीकेंडला' हे शब्द नकोत. वार, तारीख आणि वाजले किती, तिन्ही हवं. वार आणि तारीख दोन्ही अशासाठी की एक चुकलं तर वाचणाऱ्याच्या ते लगेच लक्षात येतं.

दुसरी अडचण 'रात्री १२'ची. 'शनिवारी रात्री १२ पर्यंत' म्हटल्यावर काहीजण शनिवार सुरू होतानाचे १२ धरतात, काहीजण शनिवार संपतानाचे. शिवाय १२ वाजता तुम्ही जाग्या नसता. सकाळी उठून पाहिलं की पावणेएक, दीड, पहाटे पाच अशा ऑर्डरी पडलेल्या असतात आणि 'जाऊ दे, देऊन टाकू' असं होतं. एकदा दिलं की तुमची मुदत १२ ची नव्हतीच असा त्याचा अर्थ झाला. म्हणून तुम्ही फोन हातात घेऊन बसलेल्या असाल अशी वेळ ठरवा. घरगुती धंद्याला रात्री ९ बरी पडते. त्या वेळी उत्तर देता येतं, हिशोब बघता येतो आणि 'सेल संपला' असं लिहूनच दिवस आवरता येतो.

९ वाजता नेमकं काय पूर्ण झालं असलं पाहिजे, हेही ठरवा. मेसेज आलेला असणं पुरेसं, की पैसे जमा झालेले हवेत? मी 'पैसे जमा' हीच रेघ ठेवतो, कारण 'मला दोन ठेवा' म्हणणाऱ्यांतले सगळे पैसे भरत नाहीत आणि त्यांच्यासाठी पाकिटं अडवून ठेवली की आकडा कधीच खरा राहत नाही. एक अपवाद मात्र न्यायाचा आहे. गिऱ्हाइकाने ९ च्या आधी विचारलं आणि कुरिअरचा खर्च सांगायला तुम्हालाच उशीर झाला, तर ती ऑर्डर धरायची. उशीर तुमचा, तर नुकसान त्याचं नको.

एवढं ठरल्यावर कॅप्शन लिहायला पाच मिनिटं लागतात. शनिवारी १८ जुलै आहे असं धरून मी असं लिहीन:

> केळी वेफर्स २५० ग्रॅम, ९५ रुपये (एरवी १२०).
> शनिवार, १८ जुलै, रात्री ९ पर्यंत किंवा या भावातली ९० पाकिटं संपेपर्यंत, जे आधी होईल ते.
>
> बुधवारी, १५ जुलैला तळलेले. पाकिटावर तारीख आहे.
> एका ऑर्डरला जास्तीत जास्त ४ पाकिटं.
> कुरिअर वेगळं: जळगाव जिल्हा ४० रुपये, बाकी महाराष्ट्र ७० रुपये, ४ पाकिटांपर्यंत.
> पैसे जमा झाले की ऑर्डर पक्की.
> सेलनंतरही वेफर्स मिळतील, १२० रुपयांना. पुढचा घाणा सोमवारी, २० जुलैला.
> ऑर्डरसाठी व्हॉट्सअॅप करा, नंबर प्रोफाइलमध्ये आहे.

कुरिअरचे आकडे नमुन्याचे आहेत, तुमच्या कुरिअरवाल्याचे दर घाला. पण दर लिहाच. भाव ९५ वाचून आलेल्या माणसाला पैसे भरताना १६५ दिसले तर त्याला फसल्यासारखं वाटतं. थोडी थोडी किंमत उघड करत नेणं हाही त्याच १३ प्रकारांतला एक आहे.

पहिल्या दोन ओळींत भाव, मुदत आणि मर्यादा मुद्दाम कोंबली आहे. इन्स्टाग्रामवर साधारण तेवढंच दिसतं, पुढचं वाचायला दाबावं लागतं आणि बरेच जण दाबत नाहीत. 'नमस्कार मंडळी, पावसाळा आला, चहासोबत काहीतरी कुरकुरीत हवंच ना' अशी सुरुवात केली तर तारीख खाली जाते. मग ती लिहिलेली असूनही वाचणाऱ्याच्या दृष्टीने नसल्यासारखीच. गप्पा मारायच्या असतील तर खाली मारा.

'एरवी १२०' हेही तपासा. हा भाव तुम्ही खरोखर घेत असाल तरच लिहायचा. तुम्ही म्हणता पाकीट एरवी १२० ला जातं, म्हणजे प्रश्न नाही. पण गेला महिनाभर कोणत्या ना कोणत्या निमित्ताने ९५-१०० लाच विकत असाल, तर १२० हा तुमचा नेहमीचा भाव राहिलेला नाही. मग तो खोडून दाखवू नका, नुसते ९५ लिहा.

'बुधवारी तळलेले' ही ओळ सेल कशासाठी, या प्रश्नाचं उत्तर देते. स्वस्त वेफर्स म्हटलं की पहिली शंका येते ती माल जुना असल्याची. तुमचा माल ताजा आहे, तर ते सांगून टाका. उलट कधी खरोखरच तारीख जवळ आल्यामुळे सेल करत असाल, तर तेही तसंच लिहा: 'पाकिटावरची तारीख २ ऑगस्ट आहे, म्हणून कमी भावात.' घरी चार माणसं असली तर वेफर्स आठवडाभरही टिकत नाहीत, त्यामुळे लोक ते आनंदाने घेतात. तारीख लपवून विकलेलं पाकीट मात्र घरी गेल्यावर पालथं करून वाचलं जातंच.

'४ पाकिटं' ही मर्यादा ठेवायची की नाही हे तुमच्यावर आहे. एखादा दुकानदार एकदम ५० उचलू शकतो आणि मग शुक्रवारी दुपारीच सेल संपतो. ज्यांच्यासाठी सेल ठेवला त्यांना काहीच मिळत नाही. तुम्हाला माल पटकन मोकळा करायचा असेल तर ही ओळ काढा. नवीन गिऱ्हाइकं जोडायची असतील तर ठेवा.

आता दोन दिवसांत काय काय होतं ते. सगळ्यात पहिली सूचना: चित्रावर आकडा छापू नका. कॅप्शन नंतर बदलता येतं, पण पोस्ट केलेल्या फोटोवरचं '९० पाकिटं' तसंच राहतं. व्हॉट्सअॅपवर तर पाठवलेला मेसेज १५ मिनिटांच्या आतच सुधारता येतो. म्हणून फोटोवर फक्त वेफर्स, भाव आणि 'शनि. १८ जुलै, रात्री ९ पर्यंत' एवढंच. पाकिटांची संख्या मजकुरात.

स्टोरी आणि स्टेटस २४ तासांनी जातात. शुक्रवारी सकाळी १० ला टाकलेली स्टोरी शनिवारी सकाळी १० ला गेलेली असते, म्हणजे शेवटचे ११ तास सेलची आठवण करून देणारं काही नाही. शनिवारी सकाळी नवी टाका. इन्स्टाग्रामच्या स्टोरीत उलट मोजणीचं स्टिकर येतं, ते लावायला हरकत नाही, पण त्यातली वेळ कॅप्शनमधल्या वेळेशी जुळली पाहिजे. एकीकडे ९ आणि दुसरीकडे १२ असलं की लोक १२ च धरतात.

मोजणी एकाच वहीत, एकाच हाताने. इन्स्टाग्रामच्या ऑर्डरी मुलगी घेते, व्हॉट्सअॅपच्या तुम्ही, आणि दारात आलेल्याला सासूबाई देतात, असं घरोघरी चालतं. तीन ठिकाणी तीन आकडे होतात आणि ९० च्या जागी ९७ विकली जातात. त्यापेक्षा ९० पाकिटं वेगळ्या पेटीत ठेवा. पैसे जमा झाले की त्यावर नाव लिहून पाकीट दुसऱ्या पेटीत टाका. पहिल्या पेटीत जे दिसतं तोच तुमचा स्टॉक. आकडा विचारणाऱ्याला पेटीकडे बघून उत्तर द्यायचं.

मध्येच 'एवढी उरली' असं लिहायचं असेल तर वेळ घाला. 'शनिवारी सकाळी ११ ला ३८ उरली होती' हे वाक्य संध्याकाळी वाचलं तरी खरं राहतं. 'फक्त ३८ उरली' हे तासाभरात खोटं होऊ शकतं, दोन्ही बाजूंनी. दुपारी ६ विकली गेली असतील किंवा कोणी ऑर्डर रद्द केली असेल. मी एका सेलमध्ये असे अपडेट एक-दोनच टाकतो. दर तासाला आकडा टाकला की लोकांना तो ढोल वाटतो आणि तुमचा दिवस मोजण्यातच जातो.

समजा शुक्रवारी संध्याकाळीच ९० संपली. मोह होतो की शनिवार पूर्ण पडलाय, सोमवारच्या घाण्यातली आणखी ६० देऊ. देऊ नका. कॅप्शनमध्ये ९० लिहिलं होतं आणि ज्यांनी ते वाचून शुक्रवारीच पैसे भरले त्यांच्याशी तो तुमचा शब्द होता. कॅप्शनची पहिली ओळ बदला: 'सेल संपला. शुक्रवारी संध्याकाळी ७ ला ९० पाकिटं पूर्ण झाली. सोमवारपासून १२० रुपयांना.' मागणी जास्त दिसली तर पुढच्या वेळी सेल १५० चा ठेवा. ज्यांचे पैसे तुम्ही बदल लिहीपर्यंतच्या दहा-पंधरा मिनिटांत आले, त्यांना राखीव चारांतून द्या. तेही संपले तर लगेच कळवा: पैसे परत करू, की सोमवारच्या घाण्यातून याच भावात पाठवू? निवड त्यांची. न विचारता सोमवारी पाठवणं बरोबर नाही, कारण काहींना रविवारच्या पाहुण्यांसाठीच हवे असतात.

आता याच्या उलट बाजू, आणि ही जास्त अवघड आहे. शनिवारी रात्री ९ वाजले आणि ३५ पाकिटं उरली. इथेच बहुतेक जण 'लोकाग्रहास्तव सेल रविवारपर्यंत वाढवला' लिहितात. लोकांनी आग्रह केलेला नसतो, माल उरलेला असतो. एकदा वाढवलं की तुमचं प्रत्येक गिऱ्हाईक शिकतं की मुदत संपली तरी एक दिवस थांबायचं. ३५ पाकिटं १२० च्या भावाने पुढच्या आठवड्यात जातील, केळीचे वेफर्स काही दोन दिवसांत खराब होणारा माल नाही. २५ रुपयांप्रमाणे हिशोब केला तर ३५ पाकिटांवर ८७५ रुपये जास्तच येतात, फक्त थोडे उशिरा. माझ्या मते घरगुती धंद्यात या वेळी थांबणं हे सगळ्या कॅप्शनपेक्षा जास्त परिणाम करतं, कारण पुढच्या सेलची मुदत लोक याच्यावरून ओळखतात.

मुदत वाढवायला योग्य कारणही असतं, ते नाकारत नाही. शनिवारी संध्याकाळी गावात वीज आणि नेट दोन्ही गेलं, तुम्हाला मेसेजच दिसले नाहीत, किंवा बँकेचं युपीआय दोन तास बंद पडलं. मग तेच कारण लिहून रविवारी दुपारी १२ पर्यंत वाढवा आणि सगळीकडे, सगळ्यांसाठी एकसारखं लिहा. फक्त ओळखीच्यांना गुपचूप जुन्या भावात देणं टाळा. गावात ते लपत नाही.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर आहेत. मोजायला माणूस नसेल तर आकडा लिहूच नका, फक्त वेळ लिहा. मात्र मग ९ वाजेपर्यंत येईल ती प्रत्येक ऑर्डर त्या भावात द्यायची तयारी हवी, गरज पडल्यास सोमवारच्या घाण्यातून. ती देणार आहात हेही कॅप्शनमध्ये लिहा: 'ऑर्डर जास्त आल्या तर काही पाकिटं सोमवारी निघतील.' परत तळता येणाऱ्या मालाला हा प्रकार खरं तर जास्त सोपा आहे. आकडा मी तुम्हाला सुचवला तो एवढ्याचसाठी की शनिवार-रविवारी तुमच्याकडे खरोखर एकच घाणा आहे. हाच प्रश्न एखाद्या साडीवाल्या ताईंनी विचारला असता तर उत्तर वेगळं झालं असतं. तिथे एका रंगाच्या दोनच साड्या असतात, परत येत नाहीत, आणि 'हिरव्या रंगात २' हे मालाविषयीच लिहावं लागतं.

लोक लगेच घेतील का, असं तुम्ही विचारलंत. 'शेवटची १०' एवढी झटक्यात ऑर्डर कदाचित पहिल्या वेळी येणार नाही. ज्यांना घाबरवून विकलं जातं असे काही जण तुम्ही सोडत आहात. पण मी जी कामं सांभाळतो तिथे एक गोष्ट परत परत दिसते. दोन-तीन सेल लिहिलेल्या वेळेला बंद झाले की शेवटच्या तासात गर्दी व्हायला लागते. लोक ८ वाजता 'अजून आहे ना?' विचारतात आणि उत्तर येईपर्यंत पैसे पाठवून मोकळे होतात. त्यांना तुमची मुदत माहीत झालेली असते.

शनिवारी रात्री ९ ला हे तीन ठिकाणी टाका, आधीच लिहून फोनमध्ये ठेवा म्हणजे त्या वेळी सुचत बसावं लागणार नाही. पोस्टच्या कॅप्शनच्या अगदी वर, स्टेटसला, आणि ज्या ब्रॉडकास्टवर सेल पाठवला होता तिथे:

> ९५ रुपयांचा सेल शनिवारी, १८ जुलैला रात्री ९ ला संपला. वेफर्स आहेत, आता १२० रुपयांना. पैसे भरलेल्या, अजून न पाठवलेल्या ऑर्डरी सोमवारी कुरिअरला जातील.

सोमवारी कुरिअरवाला किती वाजता येतो ते मात्र शुक्रवारीच विचारून ठेवा. पावसाळ्यात पार्सलला एखादा दिवस जास्त लागतो आणि पाकिटाची चिकटपट्टी नीट बसली नसेल तर वेफर्स वाटेतच मऊ पडतात. सहा पाकिटं बाजूला ठेवायला सांगितली ती त्यासाठीच.